पाचट जाळावे की सरीत ठेवावे?

ऊसतोडणी झाली की मांजरा काठच्या फडांना संध्याकाळी आगी लागलेल्या दिसतात. कळंब तालुक्यातील पारधी कुटुंबांच्या बैठकीत मी याच विषयावर बोललो. त्यातील बरेच जण दुसऱ्याचे शेत बटईने करतात. एका ताईंनी सुरुवातीलाच विचारले, “भाऊ, जाळायला एक काडी पुरते. तुमच्या कामाला किती पैसे लागतात ते आधी सांगा.” प्रश्न रास्त होता.

एकरी साधारण तीन ते चार टन पाचट निघते. बुडख्यांवरचे पाचट ओढून सरीत दाबायचे. ते बुडख्यावर राहिले तर फुटवे पांढरे पडून वाकतात. मग बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटायचे. हे काम जाळले तरी करावेच लागते. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाकायचे व पाणी द्यायचे. युरियात काटकसर करू नये. पाचट कुजवणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. तसा रंग दिसला की समजावे, नत्र कमी पडला.

बैठकीत आम्ही गावच्या दराने हिशेब मांडला. पाचट ओढायला तीन मजूर, बाराशे रुपये. खते व जिवाणू मिळून साडेनऊशेच्या आसपास. म्हणजे एकरी सुमारे २,१५० रुपये. उलट, सरी झाकल्याने तण कमी उगवते आणि एक खुरपणी वाचली तर सहा बायांची मजुरी, १,८०० रुपये, हाती राहते. पहिल्या वर्षी रोख फायदा नाही, हे मी स्पष्टच सांगितले.

मिळकत वेगळीकडे आहे. झाकलेली ओल टिकते, त्यामुळे पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात; एप्रिल-मे महिन्यांत विहीर तळाला गेलेल्याला त्याची किंमत कळते. चार टन पाचटात साधारण वीस किलो नत्र असते, म्हणजे जवळजवळ एक गोणी युरिया. तो आगीत बहुतांशी हवेत जातो. राखेत पालाश तेवढा उरतो. मात्र कुजायला तीन-चार महिने लागतात, आणि पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत निचऱ्याचा चर काढल्याशिवाय हे करू नये.

बटईदाराची अडचण निराळी आहे. खर्च या वर्षी त्याचा, आणि सुधारलेली जमीन पुढच्या वर्षी मालकाची. म्हणून मी सांगितले की, ऊस तुटण्याआधीच मालकाशी दोन गोष्टी बोलून घ्या: खताचा निम्मा खर्च त्याने द्यावा आणि खोडवा किमान दोन वर्षे तुमच्याकडेच राहावा. मालक तयार नसेल तर सगळे शेत अंगावर घेऊ नका. दहा गुंठ्यांवर करून बघा, बाकीचे पाचट गोठ्यात अंथरायला किंवा शेणखताच्या खड्ड्यात भरायला न्या.

त्या ताईंनी दहा गुंठेच धरले आहेत.