पांढरी वाइन नाकानं ओळखताना

नाशिकच्या सुलानं 2000 साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या, तेव्हा त्यांत दोन पांढऱ्या वाइन होत्या : सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. या दोन्ही जाती मूळच्या फ्रान्सच्या, पण आता नाशिकच्या मातीत चांगल्या रुळल्या आहेत. तिसरं नाव पिनो ग्रिजिओ. ती आपल्याकडे बहुधा इटलीहून येते आणि हॉटेलच्या यादीत हमखास असते. तिन्हींचा रंग जवळपास सारखाच, फिकट पिवळा. त्यामुळे डोळ्यांचा इथं फारसा उपयोग नाही. नाकाचा मात्र आहे, कारण तिघींचा वास वेगवेगळ्या ठिकाणी जन्म घेतो.

सुरुवात सोव्हिन्यॉपासून करावी, कारण ती सर्वांत बोलकी. पेला नाकाशी नेताच हिरवा वास येतो : नुकतं कापलेलं गवत, चिरलेली ढोबळी मिरची, टोमॅटोचं चुरगळलेलं पान. हा वास द्राक्षातच असतो. पायराझिन नावाची संयुगं वेलीत तयार होतात आणि ढोबळी मिरचीतही नेमकी तीच असतात, तेव्हा मिरची आठवते ती काही कल्पनाशक्तीमुळे नव्हे. यांचं सामर्थ्य थक्क करणारं आहे. एका लिटरमध्ये ग्रॅमचे दोन-चार अब्जांश एवढं पायराझिन असलं, तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. द्राक्ष पिकत जातं, घडावर ऊन पडतं, तसतसं ते कमी होत जातं. म्हणून वेल फार माजली, घड पानांच्या सावलीत राहिले किंवा तोडणी घाईनं झाली, की वाइन कच्च्या मिरचीसारखी उग्र होते. ही उग्रता लपवता येत नाही, आणि बागेतल्या चुका तळघरात दुरुस्तही होत नाहीत.

पण सोव्हिन्यॉत आणखी एक वास असतो : पॅशन फ्रूट, पपनस, पिकू लागलेला पेरू. न्यूझीलंडमधल्या मार्लबरो प्रांताच्या वाइनमध्ये तो इतका उसळून येतो की काहींना ती फळांचा रस मिसळलेली वाटते. तसं काही नसतं. गंमत अशी, की हा वास द्राक्षात जवळजवळ नसतोच. द्राक्षात त्याचा फक्त बांधून ठेवलेला, वासहीन पूर्वरूपातला अंश असतो. रस आंबताना यीस्ट तो बांध सोडवतं आणि थायोल नावाची गंधकयुक्त संयुगं मोकळी होतात. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठातल्या दनी दुबुर्दिय आणि ताकातोशी तोमिनागा यांच्या गटानं 1990 च्या दशकात हा उलगडा केला. वाइन करणाऱ्यांना मात्र एक खूण आधीपासून ठाऊक होती. सोव्हिन्यॉचं द्राक्ष चावलं, की लगेच काही विशेष जाणवत नाही, पण थोड्या वेळानं तोंडात एकदम तो सुगंध उमटतो. थायोलचं प्रमाण वाढलं, की वास मांजराच्या मुताकडे झुकतो. हे तज्ज्ञ मंडळी बिनदिक्कत लिहितात आणि त्यात दोष मानत नाहीत.

म्हणजे सोव्हिन्यॉची खूण एका वासात नाही, जोडीत आहे. हिरवा आणि उष्ण कटिबंधातल्या फळांचा वास एकत्र आला, की दुसरी कुठली वाइन मनात आणायचं कारण नाही.

शेनिनमध्ये हिरवा वास नसतो. तिचा स्वभाव गोलसर, पिकलेला. तिच्या मूळच्या फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात सफरचंद, मध आणि जुनी बाटली असेल तर ओल्या लोकरीसारखा वासही सांगतात. नाशिकच्या शेनिनमध्ये मला पेरू, नासपती आणि अननस ठळक वाटतात. नव्या बाटलीतला नासपतीचा किंवा केळ्याचा वास बहुतेक वेळा थंड तापमानात आंबवल्यामुळे तयार झालेल्या एस्टरांचा असतो. तो वर्षभरात बराच ओसरतो. इथंच गोंधळ होतो : पेरू सोव्हिन्यॉतही आणि शेनिनमध्येही. म्हणून पेरू सापडला, की लगेच निकाल देऊ नये. त्याच्या मागे गवत आहे की मध, ते शोधावं. आणखी एक आधार जिभेचा आहे. शेनिन बऱ्याचदा किंचित गोड ठेवतात आणि तिची आंबट धार तो गोडवा तोलून धरते. नाकाला गोडी कळत नाही, पिकलेल्या फळाचा वास मात्र गोडीचा भास घडवतो.

पिनो ग्रिजिओ मोजकं बोलते. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, थोडं पांढरं फूल, क्वचित बदामाची छटा. ती पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची रंग बदललेली भावंडं आहे आणि तिची साल गुलाबी-राखाडी असते. इटलीतल्या सान्ता मार्गेरिता कंपनीनं 1961 मध्ये साली बाजूला काढून तिची पांढरी वाइन केली, आणि तीच पद्धत जगभर पसरली. उत्तर इटलीत ही द्राक्षं आंबटपणा टिकावा म्हणून लवकर तोडतात. तिथली पिनो ग्रिजिओ म्हणूनच शांत असते. फ्रान्सच्या अल्सास भागात हेच द्राक्ष पिनो ग्री म्हणून पूर्ण पिकवलं, तर मधाची आणि धुराची झाक असलेली भारदस्त वाइन होते, तेव्हा वास हलका म्हणजे जात हलकी असं समजू नये.

आता तीन पेले करून पाहा. मित्राला त्यांच्या तळाशी आकडे लिहायला सांगा आणि बाटल्या दुसऱ्या खोलीत ठेवा. फ्रिजमधून काढल्यावर वीस मिनिटं थांबा. दहा-बारा अंशांवर वास उघडतो, चार अंशांवर तिन्ही वाइन मुक्या असतात. पेला तिसरा हिस्सा भरा. आधी न हलवता एकदा हुंगा, मग हलवून. पहिल्या फेरीत एकच प्रश्न विचारा : हिरवा वास कुणात आहे? तो पेला बाजूला ठेवा, ती सोव्हिन्यॉ. नाक थकलं, की आपल्याच मनगटाचा वास घ्या, त्यानं नाक ताजं होतं. मग उरलेल्या दोनांतला जो पेला पंधरा मिनिटांनी जास्त फुलतो, ज्यात फळ आणि मध वर येतात, ती बहुधा शेनिन. ज्यात लिंबाच्या सालीपुढे काही वाढत नाही, ती पिनो ग्रिजिओ.

यात फसगत होण्याची दोन कारणं लक्षात ठेवा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बुचाचा दोष आहे. तो फळांचा सगळा गंध झाकून टाकतो आणि सोव्हिन्यॉही पिनो ग्रिजिओसारखी मुकी वाटते. दुसरं, बाटलीला हवा किंवा उष्णता लागली, तर थायोल लवकर नष्ट होतात. मग सोव्हिन्यॉत कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो आणि ती शेनिन वाटते. आपल्याकडे दुकानात बाटल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात उभ्या असतात, त्यामुळे ही चूक होण्याची शक्यता खरीच जास्त. लेबलवर द्राक्ष-हंगामाचं साल छापलेलं असतं. सोव्हिन्यॉ घेताना ते साल बघा, सर्वांत नवी बाटली मागा, आणि खिडकीत उन्हात ठेवलेली असेल तर ती घेऊच नका.