मुलानं गेममध्ये पैसे उडवले. परत कसे मागायचे?

समजा, रविवारी संध्याकाळी आठ वर्षांचा मुलगा आईच्या अँड्रॉइड मोबाइलवर गेम खेळत होता. सोमवारी दुपारी आईनं बँकेचे मेसेज उघडले, तर खात्यातून आधी ८९, मग ४४९ आणि मग ७९९ रुपये गेलेले. एकूण १,३३७ रुपये. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘डायमंड घेतले.’ यूपीआयचा पिन त्याला ठाऊक होता, कारण दूधवाल्याला पैसे पाठवताना आईनंच तो कितीदा सांगितलेला.

अशा वेळी बहुतेक जण पहिला फोन बँकेला लावतात, आणि गाडी तिथंच अडते. बँकेच्या लेखी पिन बरोबर पडला म्हणजे व्यवहार ग्राहकानंच केला. अनधिकृत व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाला चांगलं संरक्षण देतात, पण पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला सांगितल्यामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी येतं. शिवाय इथं चोरी झालेलीच नाही. घरातल्याच मुलानं वस्तू विकत घेतली आहे. म्हणून दाद मागायची ती वस्तू विकणाऱ्या दुकानाकडे, म्हणजे गूगल प्ले किंवा अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरकडे.

या दुकानांमध्ये अशा तक्रारीसाठी सोय आहे, तिच्यामागे अमेरिकेतला एक जुना वाद आहे. सुरुवातीच्या काळात आयफोनवर एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं पुन्हा विचारणा होत नसे. आईवडील एका खरेदीसाठी पासवर्ड टाकून मोबाइल मुलाच्या हातात देत आणि त्या १५ मिनिटांत मुलं खरेदीचा सपाटा लावत. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं हे प्रकरण धसास लावलं. २०१४ मध्ये अ‍ॅपलनं ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गूगलनं किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत द्यायचं कबूल केलं.

आता त्या आईनं काय करायचं ते पाहू. सर्वांत आधी गेम बंद करायचा आणि घेतलेले डायमंड वापरू द्यायचे नाहीत. अ‍ॅपलकडे रिफंडचा अर्ज गेला की घेतलेली वस्तू वापरली गेली आहे का, याची माहिती गेम बनवणारी कंपनी अ‍ॅपलला कळवू शकते. निर्णय घेताना ती माहिती विचारात घेतली जाते. गूगलवरही न वापरलेल्या वस्तूचे पैसे मागणं केव्हाही सोपं. रिफंड मिळाला की डायमंड खात्यातून काढून घेतले जाऊ शकतात, हे मुलाला आधीच सांगून ठेवावं.

त्यानंतर पावत्या शोधायच्या. प्रत्येक खरेदीची पावती त्या मोबाइलच्या जीमेल खात्यावर येते आणि तिच्यावर GPA या अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. आपल्या उदाहरणात तीन व्यवहार आहेत, म्हणून तीन क्रमांक. बँकेच्या मेसेजमधला यूपीआयचा क्रमांक वेगळा असतो. दुकानाला हवा असतो तो GPA चा.

मग ब्राउझरमध्ये play.google.com उघडून त्याच जीमेल खात्यानं लॉग-इन करायचं. उजवीकडच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टिचकी मारली की पेमेंटचा विभाग दिसतो आणि त्यात जुन्या ऑर्डरची यादी असते. ऑर्डरसमोर Report a problem असं लिहिलेलं असतं. तिथं कारण निवडताना घरातल्या व्यक्तीनं परवानगीशिवाय किंवा चुकून खरेदी केली, या अर्थाचा पर्याय घ्यायचा. ‘अनोळखी माणसानं केलं’ असं लिहू नये. ते फसवणुकीचं प्रकरण ठरतं, त्याची चौकशी वेगळी होते आणि खोटं उघडं पडलं तर खरा अर्जही अडकतो. मजकूर दोन ओळींचा पुरे: मुलाचं वय, परवानगी नव्हती ही गोष्ट, आणि वस्तू वापरलेली नाही हे. तिन्ही ऑर्डरसाठी तीन वेगळे अर्ज करायचे.

इथं वेळ महत्त्वाची आहे. गूगलकडे थेट रिफंड मागण्याची नेहमीची मुदत खरेदीपासून ४८ तासांची असते. खरेदी रविवारी संध्याकाळी सात वाजता झाली असेल, तर मंगळवारी संध्याकाळी सातपर्यंत. निर्णय बहुधा एका दिवसात येतो, कधी चार दिवस लागतात. मंजूर झालेले पैसे ज्या मार्गानं गेले त्याच मार्गानं परत येतात.

मुदत उलटली किंवा अर्ज नामंजूर झाला, तर गेम बनवणाऱ्या कंपनीला लिहायचं. तिचा ईमेल पत्ता प्ले स्टोअरवर त्या गेमच्या पानावर दिलेला असतो. गूगलवरच्या खरेदीचे पैसे ही कंपनी स्वतः परत करू शकते. तिथंही हात हलवत परतावं लागलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आयफोन असेल तर पत्ता बदलतो: reportaproblem.apple.com. तिथं Request a refund निवडायचं, मुलानं परवानगीशिवाय घेतलं हे कारण द्यायचं आणि खरेदीवर खूण करायची. व्यवहार अजून पूर्ण झालेला नसेल, तर तो होईपर्यंत अर्ज घेतला जात नाही. साधारण ४८ तासांत उत्तर येतं. अ‍ॅपलच्या बाबतीत गेमवाल्या कंपनीला लिहून उपयोग नसतो, कारण पैसे परत करण्याचा अधिकार फक्त अ‍ॅपलकडे आहे.

मुलानं एकदाच्या खरेदीऐवजी महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं असेल, तर रिफंड मागून भागत नाही, ते बंदही करावं लागतं. नुसतं अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकलं तरी पैसे दर महिन्याला कापले जात राहतात.

या धांदलीत आणखी एक धोका असतो. रिफंडसाठी कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधला की भलत्याच माणसांचे नंबर सापडतात. तो माणूस गोड बोलून मोबाइलचा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतो किंवा ‘पैसे जमा करायला पिन टाका’ म्हणतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. वर सांगितलेली सगळी प्रक्रिया वेबसाइटवरच होते. त्यामुळे फोनवर पिन मागणारा माणूस भामटाच समजावा.

पैसे परत मिळाले की यूपीआयचा पिन बदलायचा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागावा, असा पर्याय निवडायचा. तिथं अर्ध्या तासातून एकदाच विचारण्याचाही पर्याय असतो, तो घेऊ नये. बोटाचा ठसा ठेवलात, तर मुलाचं बोट मोबाइलमध्ये नोंदवलेलं नाही ना, तेही बघावं. गिफ्ट कोडनं भरलेली प्ले स्टोअरची शिल्लक वापरताना यूपीआयचा पिन लागत नाही, म्हणून तिथं या कुलपाशिवाय दुसरं काही आड येत नाही. आपलं खातं किंवा पैशांची माहिती दुसऱ्याला दिली, किंवा खरेदीला असं कुलूप लावलं नाही, तर आपण सहसा रिफंड देत नाही, असं गूगलच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिला अर्ज मंजूर झाला तरी महिन्याभरानं तसाच दुसरा करावा लागला, तर पैसे परत मिळतीलच असं धरून चालता येणार नाही.