बॅग हरवली, मेल कसा लिहायचा?

दुबईहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाची बॅग पट्ट्यावर आलीच नाही. विमानतळ सोडण्याआधी त्याने कंपनीच्या काउंटरवर ‘पीआयआर’ अहवाल नोंदवून घेतला, हे फार बरं झालं. त्यावरचा क्रमांक BOM या अक्षरांनी सुरू होतो. पुढे कंपनीची दोन अक्षरं आणि पाच आकडे. मेलच्या विषयातच तो हवा.

आधी इंग्रजी मजकूर: फ्लाइट, तारीख, चेक-इनला मिळालेल्या बॅगेज टॅगचा क्रमांक, बॅगेचा रंग, वस्तूंची किमतीसह यादी आणि जोडलेली बिलं. त्याखाली तेच हिंदीत. इथे घाई नडते. इंग्रजीत ४०,००० रुपये आणि हिंदीत ४५,००० दिसले, तर कंपनीला शंका घ्यायला आयतंच कारण मिळतं.

आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार २१ दिवसांत बॅग आली नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. रोकड आणि दागिन्यांची जबाबदारी कंपन्या सहसा नाकारतात.

उत्तर आलं नाही, तर सरकारच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवावी. करारानुसार कोर्टात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे.