पहिल्यांदा आलेल्याला काय सांगाल?

यूट्यूबवर एखाद्या चॅनलच्या मुख्य पानावर गेलं की वरच्या बाजूला एक छोटा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. हा त्या चॅनलचा ट्रेलर. ज्यांनी चॅनल अजून सबस्क्राईब केलेलं नाही त्यांच्यासाठीच तो ठेवलेला असतो. जुन्या प्रेक्षकांना त्या जागी दुसरा व्हिडिओ दाखवता येतो. यूट्यूब स्टुडिओत Customization या विभागात ‘Channel trailer for people who haven't subscribed’ असा पर्याय असतो, तिथे तो निवडायचा. निवडायला मिनिटभर पुरतं. त्यात काय बोलायचं, हे ठरवायला मात्र बराच वेळ द्यावा लागतो, आणि बहुतेक मराठी चॅनलांवर तो दिलेला दिसत नाही.

त्यामुळे होतं असं की ट्रेलर सुरू होतो तो ‘नमस्कार मित्रांनो, आपल्या चॅनलवर तुमचं मनःपूर्वक स्वागत’ या वाक्याने. मग निवेदकाचं नाव, त्याला या विषयाची आवड कशी लागली, चॅनल कुणाच्या प्रेरणेने सुरू झालं हे सगळं येतं. वीस-पंचवीस सेकंद झाली तरी इथे बघायला काय मिळणार, हे पाहुण्याला कळलेलं नसतं. तो एखाद्या व्हिडिओवरून किंवा शोध घेता घेता इथे आलेला असतो. आपल्याविषयी त्याला काहीच माहीत नसतं आणि आपल्या प्रवासात रस असण्याचं त्याला अजून कारणही नसतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: इथे काय आहे, ते माझ्यासाठी आहे का, आणि पुढचं कधी मिळेल. संहिता या तीन उत्तरांची असावी. निवेदकाची ओळख त्यात जाता जाता झाली तर झाली.

उदाहरण म्हणून मोडी वाचनाची मालिका घेऊ. समजा, साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांना मोडी चांगली येते. घरातले आणि गावातले जुने कागद कॅमेऱ्यापुढे ठेवून ते वाचून दाखवायचं त्यांनी ठरवलं आहे. पाच-सहा भाग तयार आहेत आणि आता ट्रेलर करायचा आहे. मोडीविषयी सांगण्यासारखं पुष्कळ आहे. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरं काढत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती, म्हणून नवशिक्याला एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हेच उमगत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तराचे रुमाल मुख्यतः याच लिपीत आहेत आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मराठी राजवटीचे मोडी कागद आहेत. हे सगळं सांगायचा मोह शिक्षकांना होणारच. ट्रेलरमध्ये त्यातलं काहीही येता कामा नये. हा मजकूर पहिल्या भागाचा आहे. ट्रेलरमध्ये एकच कागद दाखवायचा आणि त्यात काय लिहिलं आहे ते पहिल्याच वाक्यात सांगायचं.

लिहायला बसण्याआधी वेळापत्रक ठरवावं लागतं, कारण संपूर्ण संहितेत प्रेक्षकाला दिलेलं वचन तेवढंच असतं. इथे उत्साह कामाचा नाही, हिशेब करायला हवा. शिक्षकांना एका भागासाठी कागद निवडून पूर्ण लावायला चार तास लागतात, शंका असलेली अक्षरं दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेण्यात दोन तास जातात, चित्रीकरणाला दोन आणि संकलनाला सहा. एकूण चौदा तास झाले. आठवड्यात त्यांच्या हाती असतात आठ तास. ‘दर रविवारी नवा भाग’ असं ते म्हणाले, तर तयार असलेले भाग संपताच गाडी अडणार. दोन आठवड्यांचे सोळा तास मात्र पुरतात आणि दोन तास आजारपणाला नाहीतर पाहुण्यारावळ्यांना शिल्लक राहतात. म्हणजे त्यांनी महिन्याला दोनच भाग कबूल करावेत.

आता हे सांगायचं कसं? ‘दर पंधरा दिवसांनी’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण प्रेक्षकाला त्याचा उपयोग होत नाही. पंधरा दिवस कधीपासून मोजायचे हे नव्याने आलेल्याला ठाऊक नसतं. ‘महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी’ असं म्हटलं की तो कॅलेंडर उघडून लगेच पाहू शकतो. एखाद्या महिन्यात पाचवा रविवार आला तर शिक्षकांना एक आठवडा जास्तीचा मिळतो, त्याची तक्रार कुणी करणार नाही. वेळही सांगावी. त्यातही परदेशातल्या मराठी माणसांचा विचार करावा, कारण घरातल्या जुन्या कागदांची ओढ दूर गेलेल्यांनाही असते. आपल्याकडे रविवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शनिवारच्या रात्रीचे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. त्यांच्यासाठी पडद्यावर ‘भारतीय वेळ’ एवढे दोन शब्द लिहिले तरी पुरे.

शिक्षकांना जुलै-ऑगस्टमध्ये काम जमत नाही, तर तेही सांगून टाकावं. सांगून घेतलेल्या सुट्टीमुळे विश्वास उडत नाही. न सांगता पडलेला खंड मात्र लगेच दिसतो, कारण ट्रेलरच्या खालीच व्हिडिओ किती जुने आहेत ते लिहिलेलं असतं. वर ‘दर आठवड्याला भेटू’ आणि खाली ताज्यात ताजा भाग तीन महिन्यांपूर्वीचा, असं पान पाहिलं की माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहत नाही.

लांबी साठ सेकंदांच्या आसपास ठेवावी. सावकाश, नीट कळेल असं मराठी बोलताना मिनिटाला साधारण एकशे दहा शब्द होतात. श्वास घ्यायला आणि चित्राकडे पाहायला जागा सोडायची तर शब्द शंभराच्या आत ठेवायला हवेत. प्रत्येकाची गती वेगळी असते, म्हणून घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघावं. या शिक्षकांची संहिता अशी होऊ शकेल. पहिल्या दृश्यात चेहरा नाही, फक्त टेबलावरचा कागद आणि ओळीखालून सरकणारं बोट:

‘या कागदावर एका विहिरीच्या पाण्याची वाटणी लिहिली आहे. कुणी कोणत्या दिवशी मोट लावायची, तेसुद्धा. तुमच्याही घरात असा एखादा कागद असेल आणि आजोबांनंतर तो कुणालाच वाचता आला नसेल.

इथं आपण दर भागात एक जुना मोडी कागद घेतो आणि अक्षर अक्षर लावत वाचतो. भाग दहा-बारा मिनिटांचा असतो. मोडी अजिबात येत नसेल तर “पहिली ओळ” या यादीपासून सुरुवात करा. थोडी येत असेल तर थेट कागदांकडे या.

नवा भाग महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते.

पुढचा कागद वाचायला सोबत यायचं असेल तर सबस्क्राईब करा. आणि आत्ताच सुरू करायचं असेल, तर हा पहिला भाग.’

हे पंचाण्णव शब्द आहेत. ‘मोडी लिपी शिका’ असं यात कुठेही म्हटलेलं नाही. विहिरीची वाटणी ऐकली की ज्याच्या घरी जमिनीचे कागद आहेत तो आपणहून थांबतो. दुसऱ्या परिच्छेदात नवशिक्या आणि थोडं जाणणारा, दोघांना वेगवेगळी वाट दाखवली आहे. शिकवणाऱ्या मालिकांच्या ट्रेलरमधून नेमकं हेच सुटतं. मग नवशिक्या अवघड भागात जाऊन पडतो आणि जाणकाराला वाटतं, इथे फक्त बाराखडीच असणार.

शेवटचं वाक्य ‘हा पहिला भाग’ असं आहे, तेव्हा तो भाग त्या क्षणी पडद्यावर दिसला पाहिजे. त्यासाठी यूट्यूबची एंड स्क्रीनची सोय आहे. व्हिडिओ किमान पंचवीस सेकंदांचा असेल तर शेवटच्या पाच ते वीस सेकंदांत दुसऱ्या व्हिडिओची चौकट ठेवता येते. चित्रीकरणाच्या वेळीच तिच्यासाठी पडद्याची एक बाजू मोकळी सोडावी. नाहीतर ती चौकट नेमकी कागदावर किंवा चेहऱ्यावर येऊन बसते. मराठी सबटायटलही द्यावीत, कारण बसमध्ये किंवा घरातली माणसं झोपलेली असताना पुष्कळ जण आवाज बंद ठेवूनच पाहतात.

वेळापत्रकाचा परिच्छेद मुद्दाम सुटा ठेवला आहे. आधीच्या वाक्याचा त्यात उल्लेख नाही आणि पुढचं वाक्य त्याच्यावर टेकलेलं नाही. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी नवी फाईल ठेवता येत नाही, पण स्टुडिओच्या संपादकात मधला तुकडा कापून टाकता येतो. पुढे शिक्षकांना महिन्याला एकच भाग जमू लागला, तर तेवढा परिच्छेद त्याच दिवशी काढता येईल आणि उरलेला ट्रेलर धडधाकट राहील. नंतर सवडीने ती दोन वाक्यं नव्याने बोलून नवा ट्रेलर चढवायचा. याच कारणासाठी ‘आमचे वीस भाग झाले’, ‘या वर्षी आपण’, ‘लवकरच येत आहे’ असली विधानं ट्रेलरमध्ये नकोत. ती काही महिन्यांतच शिळी होतात.

ट्रेलर चालतो आहे की नाही हे स्टुडिओतल्या प्रेक्षक टिकण्याच्या आलेखावरून कळतं. रेषा पहिल्या दहा सेकंदांतच कोसळत असेल तर सुरुवात बदलावी. ती मधेच एका ठिकाणी खचत असेल तर तिथलं वाक्य मोठ्याने वाचून पाहावं. बहुधा ते लांबलेलं असतं. त्या व्हिडिओवरून किती जण सबस्क्राईब झाले तोही आकडा तिथे मिळतो. पण सुरुवातीला पाहणारेच चाळीस-पन्नास असतील तर आलेखावर भरवसा ठेवू नये. दोन माणसं मधेच उठून गेली तरी रेषा हलते.

त्याआधीची परीक्षा चित्रीकरणापूर्वी घरीच घेता येते. ज्याला मालिकेविषयी काहीच माहीत नाही अशा शेजाऱ्याला संहिता एकदाच वाचून दाखवा. मग विचारा: इथे काय बघायला मिळतं, तुम्ही कुठून सुरुवात कराल, आणि पुढचा भाग कोणत्या तारखेला येईल? तिसऱ्या प्रश्नाला त्याने कॅलेंडर पाहून बरोबर तारीख सांगितली, तर संहिता चित्रीकरणाला योग्य झाली. अडखळला, तर आधी वेळापत्रकाचं वाक्य पुन्हा लिहा आणि मगच कॅमेरा लावा.