स्वयंचलित तेजोमर्यादा (ओएलईडी पडदा)

स्वयंचलित तेजोमर्यादा ही ओएलईडी पडद्याचा वीजवापर आणि उष्णता आटोक्यात ठेवणारी व्यवस्था होय. एलसीडी पडद्यामागे सामाईक दिवे असतात; ओएलईडीत मात्र प्रत्येक चित्रबिंदू स्वतःच प्रकाशतो आणि त्याचे तेज त्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावर अवलंबून असते. चित्राचा जितका अधिक भाग उजळ, तितका एकूण प्रवाह अधिक. तो ठरावीक मर्यादा ओलांडू लागला, की नियंत्रक सर्वच बिंदूंचे तेज उतरवतो.

समजा, एका दूरचित्रवाणी संचावर पडद्याचा १० टक्के भाग व्यापणारा पांढरा चौकोन ८०० निट तेजाने झळकतो. संपूर्ण पडदा तितकाच उजळायचा तर सुमारे दहापट प्रवाह लागेल. म्हणून पूर्ण पांढरा पडदा १५० निटच्या आसपास आणला जातो. पडद्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश तरीही चौकोनाच्या जवळजवळ दुप्पट असतो. प्रत्येक भाग मात्र मंद भासतो. रात्रीच्या दृश्यातील चंद्र लख्ख आणि भर उन्हातले हिमक्षेत्र काहीसे मळकट दिसते, ते यामुळेच.

संगणकाच्या काळ्या पार्श्वभूमीवरील पांढरी खिडकी मोठी करत नेल्यास ती मंदावताना दिसते. खोलीतील उजेड मोजणारा संवेदक बंद केला, तरी हा बदल थांबत नाही. ती व्यवस्था निराळी. वरील संचाचे तेज मुळातच १५० निटच्या खाली ठेवल्यास मात्र हा चढउतार सहसा जाणवत नाही.