काळी पडणारी बाटली

वस्तीतली विहीर आणि मळ्यातली विहीर यांची तुलना दहावीच्या मुलांना एच-टू-एस बाटलीने करता येते. निर्जंतुक बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती ३० ते ३७ अंशांच्या उबेत ठेवायची. ४८ तासांत पाणी काळे झाले, तर त्यात विष्ठेतले जीवाणू असण्याची दाट शक्यता असते. त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू बाटलीतल्या लोहाशी मिळून तो काळा रंग येतो. मात्र विहिरीत नुकतीच टीसीएल पावडर पडली असेल, तर निकाल फसवा निघतो. म्हणून आधी क्लोरिन तपासावे. गुरे उतरतात ते तळे बहुधा काळेच दाखवणार. दूषण किती, हे बाटली सांगत नाही, म्हणून मला विहिरींचीच तुलना योग्य वाटते.