मदतकक्षासाठी अंतर्गत प्रश्नोत्तरी : एका नोंदीचे लेखन

एखाद्या ॲपची नवी आवृत्ती येते तेव्हा तिच्यातील काही अडचणी ती तयार करणाऱ्यांना आधीच ठाऊक असतात. मदतकक्षातील कर्मचाऱ्याला मात्र त्या पहिला फोन आल्यावरच कळतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अंतर्गत प्रश्नोत्तरी लिहिली जाते. तिची एकच नोंद आपण तपशिलाने पाहू.

महाराष्ट्र शासनाच्या ई-पीक पाहणी ॲपद्वारे शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करतो. २०२२ च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश समाविष्ट झाले. छायाचित्र त्या बिंदूपासून दूर घेतल्यास तसा संदेश दिसू लागला. समजा, पैठण तालुक्यातून फोन येतो : “मी माझ्याच कपाशीत उभा आहे, तरी हे दूर दाखवतंय.” नोंदीचे शीर्षक याच शब्दांत असावे. ‘स्थान-पडताळणीतील विसंगती’ असे लिहिल्यास, समोर फोन वाजत असताना कर्मचाऱ्याला ती नोंद सापडणार नाही. शीर्षक ऐकणाऱ्याच्या कानाशी जुळले पाहिजे.

शीर्षकाखाली कारण थोडक्यात द्यावे. या आवृत्तीत अंतर बांधापासून नव्हे, तर मध्यबिंदूपासून मोजले जात असे. गट लांबट असेल, किंवा एकाच गटात अनेक खातेदार असतील, तर स्वतःच्या शेतातील माणूसही ‘दूर’ ठरू शकतो. फोनचे लोकेशन बंद असणे किंवा दाट झाडीखाली उभे राहणे, हेही कारण असू शकते.

त्यानंतर तात्पुरता उपाय, करावयाच्या क्रमाने : “निवडलेला गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून घ्यावा. लोकेशन सुरू करून मोकळ्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटे थांबावे. मग पुन्हा छायाचित्र घ्यावे.” उपायाची मर्यादाही तेथेच लिहावी : “संदेश टाळण्यासाठी शेजाऱ्याच्या पिकाचे छायाचित्र घेण्यास सांगू नये.” अशी चुकीची नोंद सातबाऱ्यावर गेली, तर नुकसानभरपाईच्या वेळी शेतकरीच अडचणीत येतो.

प्रकरण वर केव्हा पाठवावे, हे वाक्य बहुधा सर्वांत ढिसाळ लिहिले जाते. ‘गरज भासल्यास वरिष्ठांना कळवावे’ यातली गरज कोणी ठरवायची? त्याऐवजी डोळ्यांना दिसणारी खूण द्यावी : “गट क्रमांक बरोबर आहे, वरील उपाय एकदा पूर्ण केला आहे, तरीही संदेश येतो, किंवा त्याच गटातून दुसरी तक्रार आली आहे.” दुसरी तक्रार आली की फोनपेक्षा नकाशातील मध्यबिंदूवर संशय घ्यावा, तो दुरुस्त करणे मदतकक्षाच्या हाती नसते. सोबत गाव, गट क्रमांक, ॲपची आवृत्ती, दिसलेले अंतर आणि पडद्याचे चित्र पाठवावे.

याच आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. म्हणून चुकीच्या गटावर नोंद झाली असल्यास “नोंद कधी केली?” हा पहिला प्रश्न असावा. मुदत संपत आली असेल, तर इतर चौकशी नंतर करावी.

नोंदीच्या शेवटी आवृत्ती क्रमांक व दिनांक अवश्य घालावा. पुढील आवृत्तीत अडचण दूर झाल्यावर नोंद त्याच दिवशी काढून टाकावी. अन्यथा कर्मचारी महिनोन्महिने लोकांना मोकळ्या आकाशाखाली उभे करीत राहतील.